नसलेल्या पायात दुखतं तेव्हा: फँटम वेदनेचं मूळ शोधायचा क्रम

मी फिजिओथेरपिस्ट आहे. हात किंवा पाय कापावा लागलेल्या लोकांबरोबर काम करताना एक तक्रार पुन:पुन्हा समोर येते: जो अवयव उरलाच नाही, त्यातच दुखतं. बहुतेक जण येतात तेव्हा त्यांना कुणीतरी सांगितलेलं असतं की हे मेंदूचं आहे, आरसा लावून त्यात चांगला अवयव पाहत सराव करा. काहींना आरशाने खरोखर आराम पडतो. पण अनेकांचं दुखणं आरशापर्यंत पोहोचायच्या आधीच, स्टंपपाशी म्हणजे कापल्यावर उरलेल्या भागापाशी सापडतं. म्हणून मी नेहमी खालून वर जाते: आधी त्वचा, मग नस, मग मज्जारज्जू, आणि शेवटी मेंदू. तोच क्रम इथे लिहिते आहे.

लक्षणं: आधी तीन गोष्टी वेगळ्या करा

पहिली, फँटम संवेदना. पाय अजून आहे असं वाटणं, बोटं हलल्यासारखी वाटणं, मुंग्या, खाज. अवयव गमावलेल्या जवळपास सगळ्यांना हे होतं. दुखत नसेल तर त्यावर काही करायची गरज नाही. फक्त रात्री झोपेतून उठताना पाय आहे समजून तोल जातो, एवढं सांभाळा.

दुसरी, स्टंपचं दुखणं. इथे बोट ठेवून जागा दाखवता येते: शिवणीजवळ, हाडाच्या टोकावर, किंवा कृत्रिम पायाचा जो पेल्यासारखा भाग स्टंपवर बसतो त्या सॉकेटच्या कडेला.

तिसरी, खरी फँटम वेदना. नसलेल्या तळपायाची आग, घोट्यात सणसणीत चमका, बोटं आवळून वांब आल्यासारखं वाटणं. पाऊल वाकडं होऊन तसंच अडकलंय असंही काही जण सांगतात. अवयव गमावलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक लोकांना कधी ना कधी ही वेदना होते. बहुतेकदा ती येते-जाते, आणि पावलात किंवा पंजात जास्त जाणवते, मांडीत किंवा दंडात कमी.

दुसरी आणि तिसरी तक्रार अनेकदा एकाच माणसात एकत्र असते, आणि घोटाळा तिथेच होतो. आठवडाभर एका वहीत लिहा: दुखलं कधी, कुठे, कसं (आग, चमक की वांब), किती (0 ते 10), आणि त्याआधी काय चाललं होतं. पुढच्या प्रत्येक तपासणीला ही वही लागते.

अवयव नाही, तरी वेदना कशी पोहोचते

त्वचेत, स्नायूंत, हाडांच्या आवरणात काही नसांची टोकं उघडी असतात. इजा होण्याइतका दाब, उष्णता किंवा रसायन आलं की ती पेटतात. यांना नोसिसेप्टर म्हणतात. उष्णतेला प्रतिसाद देणारे नोसिसेप्टर साधारण 43 अंश सेल्सिअसच्या पुढे जागे होतात. त्यांचे संदेश दोन प्रकारच्या तंतूंतून जातात. ए-डेल्टा तंतूंवर पातळ आवरण असतं आणि ते सेकंदाला 5 ते 30 मीटर वेगाने टोचल्यासारखी पहिली कळ नेतात. सी तंतूंना आवरण नसतं. ते सेकंदाला 2 मीटरहून कमी वेगाने मागून येणारी ठणक किंवा आग नेतात. पायाचं बोट ठेचलं की आधी कळ आणि क्षणभराने ठणका, हा अनुभव या दोन वेगांचाच आहे.

या तंतूंच्या पेशींचं मुख्य शरीर पाठीच्या कण्याशेजारच्या गाठीत असतं. तिला डॉर्सल रूट गँग्लियन म्हणतात. तिथून संदेश मज्जारज्जूच्या मागच्या भागात शिरतो, दुसऱ्या तंतूला दिला जातो, बाजू ओलांडतो, मेंदूच्या आतल्या थॅलॅमस या केंद्रापर्यंत चढतो आणि मग कॉर्टेक्सच्या, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या थराच्या, वेगवेगळ्या भागांत पोहोचतो. कुठे दुखतंय ते एक भाग सांगतो, किती असह्य आहे ते दुसरे.

पाय कापल्यावर या वाटेतलं फक्त खालचं टोक जातं. पावलाकडून आलेला तंतू, त्याची गाठीतली पेशी, मज्जारज्जूतली जागा आणि मेंदूतला पावलाचा नकाशा हे सगळं जागेवर राहतं. या वाटेवर कुठूनही संदेश उठला तरी मेंदू तो पावलाचाच समजतो, कारण त्या तंतूवरून आजवर पावलाचेच संदेश आलेले असतात. म्हणून विचारायचं ते हे की संदेश वाटेत नेमका कुठून उठतोय, किंवा कुठे फुगतोय.

पहिली तपासणी: स्टंप आणि सॉकेट, नुसते डोळे आणि बोट

यात खर्च काहीच नाही, तरी हीच तपासणी सर्वांत जास्त वेळा राहून जाते.

कृत्रिम पाय काढल्यावर लगेच चांगल्या उजेडात स्टंप पाहा. मागची बाजू दिसत नसेल तर हातआरसा घ्या. लालसर डाग दहा-पंधरा मिनिटांत गेला तर ठीक. त्यापुढेही राहिला तर त्या जागी सॉकेटचा दाब जास्त पडतोय. फोड, ओल, गरमपणा, वास, खालच्या टोकाला जांभळट सूज हेही पाहा. दिवसभरात स्टंपचा आकार बदलतो, त्यामुळे सकाळी घट्ट बसणारं सॉकेट संध्याकाळी सैल होऊ शकतं. मग स्टंप आत खाली सरकतो आणि दाब नको तिथे येतो.

त्यानंतर बोटाच्या टोकाने हळू टिचक्या मारत स्टंपभर फिरा. एखाद्या जागी टिचकी बसताच विजेसारखी चमक थेट नसलेल्या बोटांत गेली, तर तिथे नस चिडलेली आहे. बहुतेकदा तो न्यूरोमा असतो. कापलेल्या नसेचं टोक पुन्हा वाढू पाहतं, पण पुढे वाट नसल्याने तंतूंचा गुंता होतो. त्या गुंत्यात सोडियमच्या वाहिन्या जास्त जमतात, म्हणून तो कारण नसताना संदेश सोडतो आणि दाब, थंडी, ॲड्रेनॅलिन या सगळ्यांनी चिडतो. थंडीत किंवा भांडणानंतर फँटम दुखणं वाढतं, त्याचं एक कारण हे आहे. ते मनाचे खेळ आहेत असं कुणी म्हणालं तर ऐकून घेऊ नका.

सापडलेल्या जागेवर पेनाने खूण करा. कृत्रिम पाय बनवणाऱ्या तंत्रज्ञाला ती खूण दाखवली की तो सॉकेट तेवढ्या जागी मोकळं करू शकतो किंवा लायनर, म्हणजे सॉकेटच्या आतलं मऊ आवरण, बदलू शकतो.

एका रुग्णाचं उदाहरण देते. उजवा पाय गुडघ्याखाली कापून दोन वर्षं झालेली. तक्रार अशी की संध्याकाळी पायाच्या वरच्या बाजूला चमका येतात आणि रात्री बोटं आवळून वांब येतो. त्यांनी घरी आरसा लावून पाहिला होता आणि उपयोग नाही म्हणून सोडून दिला होता. स्टंप पाहिला तर गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, थोडं खाली, नाण्याएवढा लाल डाग होता आणि अर्ध्या तासानेही तो गेला नव्हता. तिथे टिचकी मारली आणि ते दचकले: "हीच ती चमक, अंगठ्याच्या मागे." फिब्युला हाडाच्या मानेला वळसा घालून जी नस जाते, ती पावलाच्या वरच्या बाजूची संवेदना नेते, आणि सॉकेटची कडा नेमकी तिथे रुतत होती. सॉकेट तेवढं मोकळं करून घेतल्यावर काही दिवसांत चमका थांबल्या. रात्रीचा वांब मात्र तसाच राहिला. त्याचं मूळ वर कुठेतरी होतं. त्याकडे पुढे येते.

दुसरी तपासणी: स्पर्शाने दार बंद होतं का

1965 मध्ये रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी गेट कंट्रोल सिद्धांत मांडला. मज्जारज्जूच्या मागच्या भागात संदेश पुढे सोडायचा की दाबायचा हे ठरवणारी यंत्रणा आहे, असं त्यांचं म्हणणं. स्पर्श आणि दाब नेणारे जाड, वेगवान ए-बीटा तंतू हे दार बंद करतात, वेदना नेणारे बारीक तंतू ते उघडतात, आणि मेंदूकडून खाली येणारे संदेशही त्यावर हुकूम चालवतात. त्यांच्या आकृतीतल्या काही जोडण्या पुढे जशाच्या तशा खऱ्या ठरल्या नाहीत, पण वेदना मज्जारज्जूतच कमी-जास्त होते हा गाभा टिकला.

आता पाय गेलेल्या माणसाकडे पाहा. नसलेल्या पावलाकडून येणारा स्पर्शाचा ओघ थांबलाय, म्हणजे दार बंद करणारा हातच गेला. पण दिवसभर सॉकेट स्टंपला सगळीकडून दाबत असतं, त्वचेला स्पर्श मिळत राहतो. संध्याकाळी पाय काढला की तोही संपतो. तुमच्या वहीत कृत्रिम पाय काढल्यानंतरचा तास वाईट दिसत असेल, तर ही तपासणी तुमच्यासाठीच आहे.

दुखणं सुरू झालं की स्टंप तळहाताने घट्ट धरा, पाच मिनिटं लयीत चोळा, मग जाडसर टॉवेलने पुसल्यासारखं करा. शिवण पूर्ण भरलेली असेल तरच. फँटम वेदना 8 वरून 5 वर आली तर दार अजून काम करतंय. मग पाय काढल्याबरोबर लवचीक पट्टी किंवा दाब देणारा स्टंपचा मोजा घालायचा, आणि दिवसातून दोन-तीनदा मऊ कापडापासून खरखरीत कापडापर्यंत चोळण्याचा सराव करायचा. पट्टी खाली घट्ट आणि वर सैल हवी. उलटी झाली तर टोकाला सूज येते.

याच तत्त्वावर चालणारं यंत्र म्हणजे टेन्स. ते त्वचेवरून सौम्य विजेच्या स्पंदनांनी जाड तंतू जागे करतं. साधारण 80 ते 100 हर्ट्झ, झिणझिण्या स्पष्ट जाणवाव्यात पण दुखू नयेत, इतपत जोर ठेवायचा. इलेक्ट्रोड जखमेवर किंवा बधिर त्वचेवर लावायचे नाहीत. पेसमेकर असेल तर टेन्स डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरायचंच नाही. फँटम वेदनेसाठी टेन्सचे पुरावे तोकडे आहेत, म्हणून आधी कुणाचं तरी यंत्र वापरून पाहा, मग विकत घ्यायचं की नाही ते ठरवा.

चोळल्याने उलट आग वाढली, नुसत्या कपड्याच्या स्पर्शानेही कळ आली, तर मज्जारज्जूतल्या पेशी अतिसंवेदनशील झाल्या आहेत. तिथे जोराने चोळत राहू नका. ते काम औषधांबरोबर, हळूहळू करायचं असतं.

तिसरी तपासणी: दुसरीकडून पेटतंय का

नसलेल्या पायाची नस अजून कमरेतूनच निघते. तिथे चकती सरकून नस दाबली गेली तर कळ फँटम पावलात उतरते. म्हणून खोकताना, शिंकताना किंवा पुढे वाकताना फँटम दुखतं का ते पाहा. डावा हात गेलेल्या माणसाला हृदयाचं दुखणंही फँटम हातात जाणवू शकतं. लघवी तुंबली किंवा शौचाला जोर लागला की फँटम पाय दुखतो, असंही अनेकांचं होतं. लोक हे लाजून सांगत नाहीत, म्हणून मी स्वत:हून विचारते. उपाय कधी कधी बद्धकोष्ठता बरी करण्याइतका सरळ निघतो.

चौथी तपासणी: मेंदूतला नकाशा

इथवर येऊनही वेदना उरली, स्टंपवर दाबून ती बदलत नाही, आणि तिचं रूप हालचालीचं आहे, म्हणजे मूठ आवळलेली, पाऊल पिळलेलं, अडकलेलं, तर मी मेंदूकडे वळते.

कॉर्टेक्सच्या संवेदनांच्या पट्टीवर शरीराचा नकाशा असतो. त्यात पंजाच्या शेजारी चेहरा येतो आणि पावलाच्या शेजारी जननेंद्रियं. 1991 मध्ये टिमथी पॉन्स आणि सहकाऱ्यांनी अशी माकडं तपासली, ज्यांच्या हाताच्या संवेदी नसा सुमारे बारा वर्षांपूर्वी तोडल्या होत्या. हाताच्या भागाने आता चेहऱ्याच्या स्पर्शाला प्रतिसाद दिला. पुढच्याच वर्षी विलयनूर रामचंद्रन यांनी दाखवलं की हात गेलेल्या काही जणांना गालाला स्पर्श केला की तो फँटम बोटांत जाणवतो. आणि 1995 मध्ये हेर्टा फ्लोर यांच्या गटाला हात गमावलेल्या लोकांत असं दिसलं की शेजारचा भाग पंजाच्या जागेत जितका जास्त सरकलेला, तितकी फँटम वेदना जास्त. कॉर्टेक्सची पुनर्रचना आणि फँटम वेदना यांचा संबंध जोडला गेला तो यातून.

पण संबंध सापडला म्हणजे कारण सापडलं असं नाही, आणि हे रुग्णांना स्पष्ट सांगायला हवं असं मला मनापासून वाटतं. 1997 मध्ये नील्स बिरबाउमर यांच्या गटाने फँटम वेदना असलेल्या सहा जणांचा खांदा-हात भूल देऊन बधिर केला. तिघांची वेदना गेली आणि थोड्याच वेळात त्यांच्या मेंदूतला सरकलेला नकाशाही परत फिरला. उरलेल्या तिघांत दोन्ही गोष्टी घडल्या नाहीत. म्हणजे काहींत नकाशा खालून येणाऱ्या संदेशांनीच सरकलेला होता. पुढे 2013 मध्ये तमार माकिन आणि सहकाऱ्यांना वेगळंच दिसलं: ज्यांची वेदना जास्त, त्यांच्यात फँटम हात हलवताना पंजाचा भाग उलट अधिक टिकून काम करत होता. 2025 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तीन जणांचे मेंदू हात कापण्याच्या आधी आणि नंतर तपासले गेले, आणि पंजाचा नकाशा फारसा हललेला नव्हता. त्यामुळे "मेंदूने जागा बळकावली म्हणून दुखतं" हे वाक्य मी आता वापरत नाही. मेंदू हलव असा हुकूम पाठवतो, डोळ्यांकडून आणि सांध्यांकडून हललं असं उत्तर येत नाही, आणि वाटेत कुठून तरी पेटलेला संदेश त्यात मिसळतो. आपण तपासायचं एवढंच की उत्तर मिळाल्यावर वेदना कमी होते का.

आरशाची पद्धत अशी. दोन्ही पायांच्या मध्ये उभा आरसा ठेवा, स्टंप आरशामागे पूर्ण झाकलेला हवा. चांगल्या पायातला मोजा, पैंजण, ओळखू येईल असं सगळं काढा. सुरुवातीलाच पाय हलवू नका. आधी डोळे मिटून फँटम पाऊल कसं आहे ते जाणून घ्या. ते पिळलेलं असेल तर चांगलं पाऊल त्याच अवस्थेत आणा, म्हणजे आरशात दिसतं ते आणि आत जाणवतं ते एक होईल. मग डोळे उघडून दोन्ही पावलं एकदमच, अगदी सावकाश सोडवत न्या, आणि फँटमही मनाने हलवत राहा. बहुतेक लोकांची चूक इथे होते: आरशात बघत ते फक्त चांगला पाय भराभर हलवतात.

वेळ रोज 15 मिनिटं, चार आठवडे. 2007 मध्ये छापल्या गेलेल्या पाय गमावलेल्यांच्या प्रयोगात हेच प्रमाण होतं. आरसा वापरणाऱ्या सहाही जणांची वेदना कमी झाली, झाकलेल्या आरशासमोर बसणाऱ्यांत एकाचीच. नुसत्या कल्पनेने पाय हलवणाऱ्यांत मात्र बहुतेकांची वेदना वाढली. गट लहान होते, पण म्हणूनच मी कुणाला सुरुवातीलाच "मनात हलवून बघा" असं सांगत नाही.

वर सांगितलेल्या रुग्णाने पूर्वी नेमका भराभरचाच सराव केला होता. आता त्यांनी आधी चांगल्या पायाची बोटं आवळून धरली आणि मग एकेक करत सोडली. पहिल्या आठवड्यात काहीच झालं नाही. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी सांगितलं की अंगठा सुटतो, बाकीची बोटं नाही. महिनाअखेर वांब रोज रात्रीऐवजी क्वचित येऊ लागला आणि आला तरी आरशासमोर बसल्यावर सुटायचा.

आरशात पाहून चक्कर आली, मळमळलं, वेदना वाढून तासाभरातही खाली आली नाही, तर थांबा. अशा वेळी एक पायरी मागे जातो: आधी दोन आठवडे चित्रांतला पाय डावा की उजवा हे ओळखण्याचा सराव, मग दोन आठवडे कल्पनेतल्या हालचाली, मग दोन आठवडे आरसा. इथे कल्पना मधल्या पायरीवर, तयारी झाल्यावर येते. हे क्रमाने, थेरपिस्टच्या देखरेखीखाली करा. दोन्ही पाय गेलेल्यांना आरसा लागू पडत नाही. त्यांनीही थेरपिस्टला गाठावं.

इथे थांबा आणि डॉक्टरांकडे जा

त्याच दिवशी: स्टंप लाल, गरम, सुजलेला आणि ताप, पू किंवा काळी पडत चाललेली त्वचा. डाव्या फँटम हाताच्या दुखण्याबरोबर छातीत दडपण, घाम, धाप. कंबरदुखीबरोबर लघवी किंवा शौचावरचा ताबा जाणं. वेदनेमुळे जगणं नकोसं वाटणं. तेव्हा एकटं राहू नका, जवळच्या माणसाला लगेच सांगा आणि त्याला बरोबर घेऊन जा.

त्याच आठवड्यात: अनेक वर्षं शांत असलेली फँटम वेदना अचानक परत येणं किंवा रूप बदलणं. पाय गाठीमुळे, कर्करोगामुळे काढला असेल तर हे अजिबात अंगावर काढू नका, गाठ परत आली आहे का ते तपासावं लागतं. मधुमेह किंवा रक्तवाहिन्यांचा आजार असेल तर स्टंपचा रक्तपुरवठाही पाहावा लागतो.

वरच्या तपासण्या नीट करूनही महिना-दीड महिन्यात फरक नसेल, तर वेदना-तज्ज्ञ गाठा. ते काय करतील हे माहीत असलेलं बरं. संशयित न्यूरोमाजवळ भूल टोचून पाहतात. फँटम वेदना तेवढ्या वेळापुरती गेली तर मूळ खाली आहे हे ठरतं. गेली नाही तर कण्याशेजारच्या गाठीजवळ, म्हणजे डॉर्सल रूट गँग्लियनपाशी, तशीच तपासणी करता येते. गॅबापेंटिन किंवा ॲमिट्रिप्टिलीन यांसारखी औषधं काहींना लागू पडतात, काहींना नाही. ती हळूहळू वाढवायची असतात आणि मनाने एकदम बंद करायची नसतात. न्यूरोमा नक्की सापडला तर कापलेली नस जवळच्या स्नायूच्या नसेला जोडण्याची शस्त्रक्रियाही आहे, म्हणजे वाढणाऱ्या तंतूंना जायला जागा मिळते. नुसता गुंता कापून टाकला तर टोक पुन्हा वाढतं, म्हणून कापल्यावर त्या टोकाचं काय करणार हे सर्जनला आधी विचारा.

जाताना ती वही, पेनाने खूण केलेल्या स्टंपचा फोटो, आणि चोळून व आरशाने आकडा किती खाली आला याची नोंद बरोबर न्या.